शपथ कोणाची, शिक्का कशाचा?

परदेशातून आलेल्या कागदावर जितके शिक्के अधिक तितका तो कागद खरा, असा आपल्याकडील कचेऱ्यांचा आणि पुष्कळदा आपलाही समज असतो. इटलीहून आलेल्या एखाद्या दाखल्याला जोडलेले इंग्रजी भाषांतर पाहिले म्हणजे हा समज दृढच होतो. पानापानांच्या सांध्यावर गोल शिक्का, एका कोपऱ्यात सोळा युरोचे तिकीट, शेवटच्या पानावर न्यायालयाचा शपथलेख आणि त्याच्याही मागे चौकोनी चौकटीत दहा क्रमांकित ओळींचे एक प्रमाणपत्र. एवढा सरंजाम पाहिल्यावर भाषांतर तपासण्याची गरज कोणाला वाटणार? परंतु नेमकी हीच गरज शिल्लक राहिलेली असते. कारण त्या सरंजामातील एकही शिक्का भाषांतर बरोबर असल्याची ग्वाही देत नाही. मग तो देतो तरी काय? या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा एखाद्या कुटुंबाच्या घरादाराशी जाऊन भिडते, म्हणून एका उदाहरणाच्या आधारे ते शोधणे उपयुक्त ठरेल.

समजा, मूळचे कोल्हापूरचे एक अभियंते उत्तर इटलीतील बेर्गामो शहरी नोकरीनिमित्त गेले, तेथेच स्थायिक झाले आणि काही वर्षांनी त्यांनी इटलीचे नागरिकत्व घेतले. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला स्थान नसल्याने त्यांचे भारतीय नागरिकत्व त्याच वेळी संपले. पुढे बेर्गामो येथेच त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व दोन मुले बेर्गामोला, आणि वृद्ध आई कोल्हापूरला. कोल्हापुरात त्यांच्या नावावर एक घर आहे. त्या घराच्या मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे लागावयाची तर मृत्यूचा पुरावा हवा, आणि वारस कोण याबद्दल न्यायालयाचा दाखला हवा. हा दाखला आपल्याकडे अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ अन्वये मिळतो. ते भारतीय नागरिक असते, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे आपल्या वकिलातीत मृत्यूची नोंद होऊन तेथूनच इंग्रजी दाखला मिळाला असता. तो मार्ग येथे बंद आहे. इटालियन कागदच आणावयाचा आणि तो इंग्रजीत उतरवून घ्यावयाचा, एवढाच मार्ग उरतो.

मूळ कागद कोणता?

इटलीत जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी प्रत्येक नगरपालिका, म्हणजे तेथील ‘कोमूने’, स्वतंत्र वहीत ठेवते. या खात्याला ‘स्तातो चिविले’ म्हणतात. त्याच इमारतीत, बहुधा शेजारच्याच खिडकीत, दुसरे एक खाते असते, ते ‘अनाग्राफे’. पहिले खाते घडलेल्या घटनांची नोंद ठेवते, तर दुसरे गावात आज कोण राहतो याची. दोन्ही खात्यांचे दाखले एकाच नगरपालिकेच्या नावाने निघतात आणि इंग्रजीत दोन्हींना सर्रास ‘रजिस्ट्री ऑफिस’ म्हटले जाते. पुढील घोटाळ्याचे बीज येथेच आहे, त्याकडे नंतर येऊ.

मृत्यूच्या पुराव्यासाठी हवा असतो तो पहिल्या खात्याचा संक्षिप्त उतारा. त्यात मृत्यूचे स्थळ, दिवस व वेळ, मृताचे नाव, जन्मस्थान, जन्मतारीख आणि पती वा पत्नीचे नाव असते. मृत्यूचे कारण मात्र त्यात नसते. ‘कारण कोठे आहे?’ असे विचारून असा कागद परत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की आपला १९६९ चा कायदासुद्धा मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करण्यास मनाई करतो. विमा कंपनीला कारण हवेच असेल, तर ते रुग्णालयाच्या वेगळ्या कागदावरून मिळवावे लागते, आणि त्या कागदाचे सोपस्कारही वेगळे करावे लागतात.

उतारा मागतानाच तो परदेशात वापरण्यासाठी हवा आहे, असे सांगावे लागते. २०१२ पासून इटलीतील सरकारी कचेऱ्या आपल्याच दुसऱ्या कचेरीचा दाखला नागरिकाकडे मागू शकत नाहीत. त्यामुळे साध्या दाखल्यावर तो सरकारी कचेरीत सादर करता येणार नाही, असे वाक्य छापलेले असते. परदेशासाठी दिलेल्या दाखल्यावर त्याऐवजी तो केवळ परदेशातील वापरासाठी दिला असल्याचा शेरा असतो. शेरा चुकला तर पुढच्याच पायरीवर कागद अडतो. दुसरी दक्षता सहीची. नोंदणी अधिकाऱ्याची सही हाताने केलेली असावी आणि तिच्याखाली त्याचे नाव व पद स्पष्ट असावे, कारण पुढील कचेरी ही सही आपल्याकडील नमुन्याशी ताडून पाहते.

ही पुढील कचेरी म्हणजे बेर्गामो प्रांताची ‘प्रेफेत्तूरा’. आपल्या जिल्हाधिकारी कचेरीशी तिची ढोबळ तुलना करता येईल. नगरपालिकेच्या कागदावर अपोस्तील लावण्याचा अधिकार तिचा आहे. अपोस्तील म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारान्वये द्यावयाचे प्रमाणपत्र. इटलीत हा करार ११ फेब्रुवारी १९७८ पासून आणि भारतात १४ जुलै २००५ पासून अमलात आहे. तत्पूर्वी तेथील अधिकाऱ्याची सही तेथील वरिष्ठाने, आणि वरिष्ठाची सही आपल्या वकिलातीने प्रमाणित करावयाची, अशी साखळी होती. करारान्वये ही साखळी तुटली आणि तिच्या जागी एकच प्रमाणपत्र आले. त्याचे शीर्षक फ्रेंचमध्येच असावे लागते. खाली दहा क्रमांक असतात: देश, सही कोणाची, कोणत्या पदाच्या नात्याने, शिक्का कोणाचा, स्थळ, तारीख, प्रमाणपत्र देणारा अधिकारी, क्रमांक, त्याचा शिक्का आणि त्याची सही. करारातील पाचवे कलम स्वच्छ आहे. अपोस्तील सहीचा खरेपणा, सही करणाराचे पद आणि शिक्क्याची ओळख एवढेच सांगते. मजकुराविषयी ते मौन बाळगते.

न्यायालयातील शपथ

आता भाषांतराकडे वळू. इटालियनमध्ये अशा भाषांतराला ‘त्रादुत्सिओने ज्युराता’, म्हणजे शपथेवरील भाषांतर, म्हणतात. त्याचा कायदेशीर आधार आहे ९ ऑक्टोबर १९२२ चा राजाज्ञा क्रमांक १३६६. मुसोलिनीच्या रोमवरील मोर्चाच्या एकोणीस दिवस आधीचा हा हुकूम. त्यानंतर राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, परंतु भाषांतरकाराची शपथ आजही त्याच पाचव्या कलमावर उभी आहे. न्यायालयाबाहेरचे तज्ज्ञ-अहवाल आणि भाषांतरे यांवरील शपथ न्यायालयाच्या लिपिकाने घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. शपथ घेणारा न्यायाधीश नसून ‘कान्चेल्लिएरे’, म्हणजे न्यायालयाचा प्रबंधक-लिपिक आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्रत्यक्ष विधी फार साधा आहे. भाषांतरकार स्वतः ओळखपत्रासह हजर होतो. पुष्कळ न्यायालयांत यासाठी आधी दिवस ठरवून घ्यावा लागतो. त्याच्या हाती तीन गोष्टींची एकत्र बांधलेली चळत असते: वर मूळ दाखला, मध्ये भाषांतर आणि शेवटी शपथलेख. शपथलेखावर त्याने आधी सही करावयाची नसते. लिपिकाच्या समोर, ‘सोपवलेले काम केवळ सत्य कळावे या एकाच हेतूने मी नीट व प्रामाणिकपणे पार पाडले आहे अशी शपथ घेतो’, या आशयाचे वाक्य उच्चारून मगच तो सही करतो. त्याखाली लिपिक सही करतो, क्रमांक घालतो आणि पानांच्या सांध्यांवर अर्धा एका पानावर व अर्धा दुसऱ्या पानावर पडेल असा शिक्का मारतो. मुद्रांकाचा दर दर चार पानांस सोळा युरो असून एका पानावर पंचवीस ओळी धरतात. आपल्या उदाहरणात भाषांतराची तीन पाने आणि शपथलेखाचे एक, म्हणजे एका तिकिटात काम भागले. पाच पाने व शपथलेख असता तर दुसरे तिकीट लागले असते. तिकिटावर छापलेली तारीख शपथेच्या तारखेनंतरची असता कामा नये. भाषांतर आज आणि तिकीट उद्या, असे चालत नाही.

कोणी भाषांतर करावे? न्यायालयाच्या तज्ज्ञांच्या यादीत नाव असलेच पाहिजे, असा आग्रह काही न्यायालये धरतात तर काही धरत नाहीत. एक बंधन मात्र सगळीकडे पाळले जाते. ज्याचा त्या कागदात हितसंबंध आहे, त्याने स्वतःच्या कागदाच्या भाषांतराची शपथ घेऊ नये. बेर्गामोत इतकी वर्षे राहिलेल्या त्या पत्नीला इटालियन व इंग्रजी दोन्ही उत्तम येत असतील, तरी हे काम तिला दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावे लागेल.

तिने मिलानो येथील भाषांतरकार गाठला आणि त्याने मिलानोच्या न्यायालयात शपथ घेतली, असे धरू. यात गैर काही नाही, कारण शपथ कोणत्याही न्यायालयात घेता येते. परंतु आता चळतीच्या शेवटी मिलानोच्या न्यायालयीन लिपिकाची सही आली आहे आणि ही सही भारतात अनोळखी आहे. म्हणून तिच्यावर दुसरे अपोस्तील हवे. ते प्रेफेत्तूराकडून मिळत नाही. न्यायालयीन आणि नोटरीच्या कागदांवरील अपोस्तील ‘प्रोकूरा’, म्हणजे त्या त्या न्यायालयाशी संलग्न सरकारी अभियोक्त्याची कचेरी देते. सही मिलानोतील, म्हणून कचेरीही मिलानोचीच. बेर्गामोच्या प्रेफेत्तूराचे एक आणि मिलानोच्या प्रोकूराचे दुसरे, अशी दोन अपोस्तील एकाच चळतीत पाहून आपल्याकडील कारकुनाला संशय येतो. वास्तविक संशय यावयाचा तर तो एकच अपोस्तील असताना यावा. केवळ शेवटचे अपोस्तील असेल तर मूळ दाखल्यावरील सही अप्रमाणित राहिली आहे, आणि केवळ पहिले असेल तर भाषांतराच्या शपथेवरील सही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मूळ दाखल्यावर अपोस्तील, मग दाखला व अपोस्तील या दोहोंचे भाषांतर, मग शपथ आणि शेवटी दुसरे अपोस्तील. घाईने आधी भाषांतर व शपथ उरकली, तर पहिल्या अपोस्तीलचे भाषांतर चळतीत येत नाही. कोल्हापूरच्या न्यायालयात इटालियन भाषेतील एक अगम्य पान तसेच राहते आणि प्रतिपक्षाच्या वकिलाला आयताच आक्षेप मिळतो.

बरोबर शब्द, चुकीचा अर्थ

आता त्या राखून ठेवलेल्या घोटाळ्याकडे येऊ. वारसांची माहिती हवी म्हणून पत्नीने नगरपालिकेतून ‘स्तातो दि फामिल्या’ नावाचा दुसरा एक दाखला घेतला. शब्दशः पाहिले तर ‘कुटुंबाची स्थिती’. भाषांतरकाराने तो ‘फॅमिली स्टेटस सर्टिफिकेट’ असा उतरविला, शपथ घेतली, अपोस्तील झाले. दाखल्यात तीन नावे आहेत: पत्नी आणि दोन मुले. कोल्हापुरात हा कागद उघडणारा माणूस ‘कुटुंबाच्या दाखल्यात तीन माणसे, म्हणून वारस तीन’ असा सरळ हिशेब करील. आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी व मुले यांच्याइतकाच ज्या आईचा हिस्सा आहे, ती आई कागदावरून नाहीशी होईल.

यात कोणीही खोटे बोललेले नाही. तो दाखला ‘अनाग्राफे’चा आहे, घटनांच्या वहीतला नाही. इटलीच्या १९८९ च्या लोकसंख्या नोंदणी नियमांनुसार या दाखल्यातील कुटुंब म्हणजे विवाहाने, नात्याने वा स्नेहाने जोडलेली आणि एकाच गावात एकाच घरी राहणारी माणसे. म्हणजे हा एका छपराखाली राहणाऱ्यांचा दाखला आहे, वारसांचा नव्हे. आपल्या शिधापत्रिकेवरून जसे वारस ठरत नाहीत, तसे यावरूनही ठरत नाहीत. कोल्हापूरला राहणारी आई त्यात असणे शक्यच नव्हते. विवाह होऊन दुसऱ्या शहरी गेलेली मुलगी असती तर तीही नसती. जाणत्या भाषांतरकाराने शीर्षक ‘एकत्र राहणाऱ्या कुटुंबीयांचा दाखला’ अशा अर्थाने उतरविले असते आणि चौकोनी कंसात, भाषांतरकाराची टीप म्हणून, हा वारसदाखला नसल्याचे एक वाक्य घातले असते. शब्द बरोबर असूनही भाषांतर चुकते ते असे. शपथेने ते सुधारत नाही, आणि ज्या लिपिकासमोर शपथ होते त्याने इंग्रजी मजकूर मुळाशी ताडून पाहावा अशी अपेक्षाही नसते. तो भाषांतराची जबाबदारी कोणाची, एवढेच नोंदवून ठेवतो.

याच चळतीत दुसरी अडचण नावांची आहे. इटलीत स्त्रीचे जन्मतःचे आडनाव विवाहानंतरही सरकारी नोंदीत कायम राहते. त्यामुळे मृत्यूच्या उताऱ्यात पत्नीचे नाव तिच्या माहेरच्या आडनावाने येऊ शकते, तर कोल्हापूरच्या सर्व कागदांत ती सासरच्या नावाने असते. स्वतः मृताच्या बाबतीतही वडिलांचे नाव बहुधा त्याच्या पहिल्या नावाला चिकटून एकच लांबलचक नाव होते, कारण पारपत्रात ते तसेच छापलेले असते आणि इटालियन वहीत मधल्या नावासाठी रकाना नसतो. शिवाय आडनाव आधी की नाव आधी, हा गोंधळ आहेच. अशा वेळी ‘तेवढे नीट लिहून द्या हो’ अशी विनंती भाषांतरकाराला केली जाते. ती त्याने मान्य करता कामा नये. मूळ कागदात जे अक्षर आहे तेच भाषांतरात आले पाहिजे, मग ते अक्षर चुकीचे का असेना. दुरुस्ती दोनच ठिकाणी होऊ शकते. लेखनाची उघड चूक असेल, तर बेर्गामोच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे. २००० सालच्या तेथील नागरी नोंदणी नियमावलीच्या ९८ व्या कलमाने त्याला तो अधिकार दिला आहे. आणि चूक नसून केवळ दोन देशांच्या रीतीतला फरक असेल, तर कोल्हापुरात. विवाहाचा दाखला जोडून, या दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र तेथे करावे.

कोल्हापुरातील टेबलावर

चळत भारतात पोचल्यावर तिच्यावर येणारे पहिले संकट फारच सामान्य असते, ते म्हणजे झेरॉक्स. छायाप्रत नीट निघावी म्हणून दुकानदार टाचण्या काढतो आणि पुन्हा मारून देतो. सांध्यावरील शिक्क्याचे दोन अर्धे आता जुळत नाहीत, जुन्या टाचणीची भोके कागदावर दिसतात, आणि मधले पान बदलले असावे असा आक्षेप घेण्यास जागा राहते. या चळतीची टाचणी कोणत्याही कारणाने काढू नये. मूळ प्रत न्यायालयात जमा होऊन अडकून पडणार, म्हणून उतारे पहिल्यापासूनच दोन मागवावेत आणि दोन्हींचे स्वतंत्र सोपस्कार करावेत. इटलीहून पुन्हा सारे करून आणण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दुसरे संकट, ‘आता यावर वकिलातीचा शिक्का आणा’ ही मागणी. करारातील तिसरे कलम अपोस्तीलखेरीज अन्य सोपस्काराची मागणी वर्ज्य करते, आणि नवव्या कलमानुसार सभासद देशांनी आपल्या वकिलातींना असे प्रमाणन करण्यापासून रोखावयाचे आहे. म्हणजे कचेरी जो शिक्का मागते तो देणे वकिलातीने टाळलेच पाहिजे, आणि अर्जदार या दोहोंमध्ये हेलपाटे घालतो. कचेरीला अपोस्तील खरे की बनावट ही शंका असेल, तर तिचे निरसन सातव्या कलमात आहे. प्रत्येक अपोस्तीलची नोंद देणाऱ्या कचेरीत ठेवलेली असते, आणि कोणाही संबंधिताने क्रमांक व तारीख कळविल्यास ती ताडून सांगणे त्या कचेरीवर बंधनकारक आहे. तिसरी मागणी ‘सहा महिन्यांच्या आतील दाखला आणा’ ही. इटालियन कायद्यात सहा महिन्यांची मुदत बदलू शकणाऱ्या गोष्टींच्या दाखल्यांना आहे. एका घरी राहणाऱ्यांचा दाखला त्यात येतो, परंतु मृत्यूचा येत नाही. मृत्यू ही बदलणारी गोष्ट नव्हे.

मात्र एक अडचण खरी आहे, आणि ती कारकुनांच्या नव्हे तर कायद्याच्या पदरात टाकली पाहिजे. परदेशी सार्वजनिक कागद न्यायालयात कसा शाबीत करावा हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे ७८ वे कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ७७ व्या कलमाने घेतली आहे. दोन्ही कलमांत प्रमाणित प्रतीसाठी नोटरीचा किंवा भारतीय वाणिज्यदूत वा राजनैतिक प्रतिनिधीचा दाखला लागतो असे म्हटले आहे. अपोस्तील हा शब्द दोहोंतही नाही. करार २००५ साली अमलात आला, पुरावा कायदा २०२३ साली नव्याने लिहिला गेला, तरी या दोहोंची गाठ घालून देण्याची संधी आपण दवडली. त्यामुळे वारसदाखल्याच्या बिनविरोध अर्जात अपोस्तील सहज चालून जाते, परंतु वाद उभा राहिला की वकील हे कलम उघडून बसतो. ज्यांचे प्रकरण लढले जाण्याची शक्यता आहे त्यांनी अपोस्तीलवर विसंबून न राहता, या कलमाची पूर्तता कशी करावयाची हे आपल्या वकिलाला आधीच विचारलेले बरे.

भाषांतराच्या बाबतीत तर आपल्या कायद्याने इटलीतील शपथेची सक्ती केलेलीच नाही. अपोस्तील लावलेला मूळ कागद आणून त्याचे भाषांतर येथेच करता येते. १९५२ च्या नोटरी कायद्याच्या आठव्या कलमाने भाषांतर करण्याचा व ते पडताळण्याचा अधिकार नोटरीला दिला आहे, आणि भाषांतरकार स्वतःच्या प्रतिज्ञापत्रासह भाषांतर दाखल करू शकतो. या मार्गात खर्च कमी, आणि एक मोठी सोय अशी की प्रश्न उद्भवल्यास भाषांतरकाराला न्यायालयात बोलावता येते. मिलानोचा भाषांतरकार कोल्हापूरला कोण बोलावणार? परंतु येथेही तेच पथ्य पाळले पाहिजे. ज्या नोटरीला इटालियन येत नाही त्याच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की अमुक माणसाने आपल्यासमोर सही केली.

म्हणून शेवटी प्रश्न आणखी एका शिक्क्याचा नाही, वाचण्याचा आहे. त्या चळतीत पाच हातांच्या सह्या आहेत. नोंदणी अधिकारी सांगतो की मृत्यू घडला. प्रेफेत्तूरा सांगते की ही सही त्या अधिकाऱ्याची आहे. भाषांतरकार शपथेवर सांगतो की मजकूर हाच आहे, आणि लिपिक त्याची शपथ नोंदवितो. प्रोकूरा सांगते की हा लिपिक खरा आहे. यांपैकी मजकुराची जबाबदारी फक्त भाषांतरकाराची आहे, आणि त्याचे नाव शपथलेखावर स्पष्ट लिहिलेले आहे. तरी आपल्या कचेऱ्यांत शिक्के मोजले जातात आणि ते नाव कोणी वाचत नाही. वारसाचे प्रकरण तपासणाऱ्याने दोन अपोस्तील आहेत ना, सांधे अखंड आहेत ना, एवढे पाहून पुढे एकच प्रश्न विचारावा: हा दाखला कोणत्या वहीतून आला आहे? तेवढ्या एका प्रश्नाने कोल्हापूरच्या त्या म्हातारीचा हिस्सा वाचेल. तो विचारण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.